सात बाइटांतील वेळ: डीएस३२३१ घड्याळ-चिप अचूक वाचण्याची पद्धत

वीजपुरवठा गेला की मायक्रोकंट्रोलरची वेळमोजणी थांबते आणि वीज परतल्यावर ती शून्यापासून सुरू होते. हा खंड भरून काढण्याचे काम रिअल-टाइम क्लॉक, म्हणजे आरटीसी, ही स्वतंत्र चिप करते. तिचा स्वतःचा क्रिस्टल असतो आणि मुख्य वीज गेल्यावर ती छोट्या बटन सेलवर मोजणी चालू ठेवते. या लेखासाठी डीएस३२३१ ही चिप घेतली आहे. तिचा क्रिस्टल चिपच्या आतच असतो, तापमानानुसार होणारा त्याचा बदल चिप स्वतः भरून काढते आणि ० ते ४० अंश सेल्सिअस या पट्ट्यात तिची चूक दशलक्षात दोन भागांपर्यंत मर्यादित राहते, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. इतक्या अचूक चिपकडून मिळालेली वेळ चुकीची दिसली, तर दोष बहुधा मोजणीत नसून वाचण्याच्या पद्धतीत असतो. म्हणून येथे भर वाचनावरच आहे.

जोडणी आणि सेल

चिप आयटूसी बसवर `0x68` या पत्त्यावर उत्तर देते. वीज, जमीन, एसडीए आणि एससीएल अशा चार तारांत जोडणी पूर्ण होते. चिप २.३ ते ५.५ व्होल्टवर चालते, पण तयार मॉड्यूलवरील पुल-अप रोधक मॉड्यूलच्या वीजवाहिनीलाच जोडलेले असतात. त्यामुळे ३.३ व्होल्टच्या बोर्डाबरोबर वापरताना मॉड्यूललाही ३.३ व्होल्टच द्यावेत. अन्यथा बसवर ५ व्होल्ट येऊन बोर्डाच्या पिना धोक्यात येतात.

सेल बसवण्यापूर्वी एक तपासणी अवश्य करावी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या मॉड्यूलवर एक डायोड आणि एक रोधक यांतून सेलला चार्जिंग देणारा मार्ग असतो, आणि तो पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी काढलेला असतो. त्याच जागी साधा सीआर२०३२ बसतो, पण तो चार्ज करायचा सेल नाही. त्यात सतत प्रवाह ढकलला गेला तर तो फुगतो किंवा गळतो. सेल न बसवता मॉड्यूलला वीज द्यावी आणि सेलच्या खाचेतील दोन टोकांवर मल्टिमीटर लावावा. तेथे चार व्होल्टच्या पुढे दाब दिसला, तर चार्जिंगचा मार्ग चालू आहे असे समजून तो रोधक किंवा डायोड काढून टाकावा आणि मगच सीआर२०३२ वापरावा. मुख्य वीज नसताना चिप सेलमधून जास्तीत जास्त सुमारे ३ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते. सीआर२०३२ ची क्षमता २२० मिलिअँपिअर-तास धरली, तर हिशेब ७३,००० तासांचा, म्हणजे आठ वर्षांहून अधिक होतो. त्यामुळे काही महिन्यांतच सेल संपत असेल, तर नव्या सेलच्या शोधात न राहता प्रवाह कोठून गळतो आहे ते पाहावे.

वेळ विचारण्यापूर्वी चिपला एक प्रश्न

बहुतेक नवशिके थेट सेकंद वाचायला जातात. माझ्या मते पहिले वाचन `0x0F` या स्थिती-रजिस्टरचे असावे. त्याचा सर्वांत वरचा, म्हणजे सातव्या क्रमांकाचा बिट मोजणी चालवणारा ऑसिलेटर मधल्या काळात कधी थांबला होता का, हे सांगतो; त्याला ओएसएफ म्हणतात. चिपला पहिल्यांदा वीज मिळते तेव्हा, किंवा मुख्य वीज आणि सेल दोन्ही अपुरे पडून मोजणी खंडित होते तेव्हा, हा बिट १ होतो आणि प्रोग्रॅमने स्वतःहून ० लिहीपर्यंत १ च राहतो. रजिस्टरांमधील वेळ दिसायला कितीही रीतसर असली, तरी हा बिट १ असेल तोवर ती खरी मानता येत नाही.

लिनक्स चालणाऱ्या बोर्डावर हे आय-टूसी-टूल्स या संचातील आज्ञांनी पाहता येते. बसचा क्रमांक येथे १ धरला आहे.

```
i2cdetect -y 1
i2ctransfer -y 1 w1@0x68 0x0f r1
```

पहिल्या आज्ञेच्या तक्त्यात `68` दिसले पाहिजे. त्या जागी `UU` दिसले, तर चिप कर्नलच्या ड्रायव्हरने ताब्यात घेतलेली आहे. अशा वेळी रजिस्टरांना हात न लावता `hwclock -r` वापरावे. दुसरी आज्ञा नव्या चिपवर सामान्यतः `0x88` असे उत्तर देते. त्यातील वरचा बिट ओएसएफचा आहे आणि `0x08` हा भाग ३२ किलोहर्ट्झचे आउटपुट चालू असल्याचा आहे.

सातही बाइट एकाच वाचनात

वेळ आणि दिनांक `0x00` ते `0x06` या सात रजिस्टरांत असतात. त्यांचा क्रम सेकंद, मिनिटे, तास, वार, दिवस, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक असा आहे. ही सात रजिस्टरे सात वेगवेगळ्या व्यवहारांत वाचू नयेत. आयटूसीवर प्रत्येक व्यवहाराच्या स्टार्ट संकेताला चिप चालू वेळेची एक प्रत वेगळ्या बफरमध्ये उतरवून घेते आणि त्या व्यवहारात आपल्याला ती प्रतच वाचायला मिळते. एका व्यवहारात सातही बाइट घेतले, तर ते सर्व एकाच क्षणाचे असतात. सात व्यवहार केले, तर सात वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे हाती येतात.

२८ फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीचे २३:५९:५९ वाजले आहेत असे समजा. प्रोग्रॅमने आधी सेकंद वाचले आणि त्याला ५९ मिळाले. त्यानंतर लगेच चिपमधील सेकंद पलटला आणि उरलेली रजिस्टरे नव्या दिवसाची वाचली गेली. हाती आलेली वेळ २९ फेब्रुवारी, ००:००:५९ अशी झाली, म्हणजे खऱ्या वेळेच्या जवळजवळ एक मिनिट पुढे. उलट क्रमाने, आधी दिवस आणि तास घेऊन मग मिनिटे व सेकंद वाचले असते, तर २८ फेब्रुवारीचे २३:००:०० हाती आले असते, म्हणजे तब्बल एक तास मागे. अशी गफलत क्वचितच घडते आणि पुढच्या वाचनात आपोआप नाहीशी होते, त्यामुळे चाचणीत ती सापडत नाही. नोंदवहीत मात्र मधूनच एखादी ओळ तासाभराने मागे उडी मारलेली दिसते. अशी एकटीदुकटी उडी दिसली की पहिला संशय तुटक वाचनावर घ्यावा.

योग्य वाचन असे होते:

```
i2ctransfer -y 1 w1@0x68 0x00 r7
```

यात आधी `0x00` हा रजिस्टर-दर्शक लिहिला जातो आणि त्यानंतर त्याच व्यवहारात सात बाइट वाचले जातात. प्रत्येक बाइटनंतर दर्शक आपोआप एकाने पुढे सरकतो.

बाइटातून आकडा काढणे

समजा, उत्तर असे आले:

```
0x58 0x59 0x23 0x03 0x28 0x02 0x24
```

चिप आकडे बीसीडी पद्धतीने ठेवते. बाइटाच्या वरच्या चार बिटांत दशक आणि खालच्या चार बिटांत एकक असतो. म्हणून `0x58` म्हणजे ५ दशक आणि ८ एकक, अर्थात ५८ सेकंद. सोळामानात लिहिलेला बाइट डोळ्यांना थेट दशमान आकड्यासारखाच दिसतो आणि वरील ओळ २३:५९:५८, २८-०२-२०२४ अशी सरळ वाचता येते. संगणकाला मात्र तोच बाइट ८८ वाटतो, कारण ५ गुणिले १६ अधिक ८ हे ८८ होतात. वार `0x03` आहे. सोमवारला १ धरून घड्याळ लावले असेल, तर हा बुधवार, आणि त्या तारखेला बुधवारच होता. कोणत्या वारापासून मोजायचे हे चिप ठरवत नाही. ती मध्यरात्री हा आकडा एकाने वाढवते आणि ७ नंतर १ वर आणते, एवढेच. वाराचा तारखेशी मेळ बसतो की नाही, हेही ती तपासत नाही.

बीसीडी उलगडायचे विसरल्याची खूण पडद्यावर स्पष्ट दिसते. सेकंद ९ वरून १६ वर उडी मारतात, २५ वरून ३२ वर जातात आणि मिनिटाच्या शेवटी ८९ पर्यंत पोचतात.

उलगडण्यापूर्वी आणखी एक काम असते. काही बाइटांत आकड्याच्या शेजारीच खुणेचे बिट बसवलेले असतात आणि ते आधी बाजूला काढावे लागतात; यालाच मास्क लावणे म्हणतात. महिन्याच्या बाइटातील सातवा बिट शतकाचा आहे. वर्ष ९९ वरून ०० वर जाते तेव्हा तो पलटतो. तो १ असताना फेब्रुवारीचा बाइट `0x82` असा येतो आणि मास्क न लावता उलगडल्यास महिना ८२ निघतो. सेकंदाच्या बाइटातील सातवा बिट या चिपमध्ये नेहमी ० असतो, पण जुन्या डीएस१३०७ मध्ये त्याच जागी घड्याळ थांबवणारा बिट असतो. तोच प्रोग्रॅम पुढेमागे त्या चिपवरही चालू शकतो, म्हणून सेकंदालाही मास्क लावण्याची सवय ठेवावी.

सर्वांत जास्त गोंधळ तासाच्या बाइटात होतो. त्याचा सहावा बिट ० असेल तर घड्याळ २४ तासांचे आहे आणि पाचवा बिट २० तासांचे दशक दाखवतो. सहावा बिट १ असेल तर घड्याळ १२ तासांचे होते आणि तोच पाचवा बिट दुपारनंतरचा, म्हणजे पीएमचा, ठरतो. `0x23` मध्ये सहावा बिट ० असल्याने ते सरळ २३ आहेत. हाच तास १२ तासांच्या पद्धतीत `0x71` असा येतो: सहावा बिट १, पाचवा बिट १ आणि उरलेल्या पाच बिटांत ११. दुपारचे बारा `0x72` असे येतात आणि मध्यरात्रीचे बारा `0x52` असे. बारांना सरळ १२ मिळवले तर दुपारी २४ वाजतील, म्हणून आधी १२ ने भागून बाकी घ्यावी आणि मग पीएम असल्यास १२ मिळवावेत.

हे सर्व सी भाषेत असे लिहिता येते:

```c
static int bcd(uint8_t b, int lo, int hi)
{
    int d = b >> 4, u = b & 0x0F;
    int n = d * 10 + u;
    if (d > 9 || u > 9 || n < lo || n > hi)
        return -1;
    return n;
}

sec = bcd(r[0] & 0x7F, 0, 59);
min = bcd(r[1] & 0x7F, 0, 59);
if (r[2] & 0x40) {
    int h = bcd(r[2] & 0x1F, 1, 12);
    hour = (h < 0) ? -1 : h % 12 + ((r[2] & 0x20) ? 12 : 0);
} else {
    hour = bcd(r[2] & 0x3F, 0, 23);
}
wday = r[3] & 0x07;
mday = bcd(r[4] & 0x3F, 1, 31);
mon  = bcd(r[5] & 0x1F, 1, 12);
yy   = bcd(r[6], 0, 99);
```

यांपैकी एकही आकडा -१ आला, तर संपूर्ण वाचन टाकून द्यावे आणि पुन्हा वाचावे; उरलेले सहा आकडे बरोबर दिसतात म्हणून ते ठेवू नयेत. सर्व आकडे ठीक असतील तरच `yy` मध्ये २००० मिळवून वर्ष तयार करावे. निबल, म्हणजे बाइटाचा चार बिटांचा अर्धा भाग, ९ पेक्षा मोठा आहे का, ही तपासणी अनेक तयार लायब्रऱ्या करत नाहीत, आणि त्याचा परिणाम ठरावीक आकड्यांत दिसतो. तार सुटली की काही लायब्रऱ्या प्रत्येक बाइट `0xFF` समजतात. मास्क न लावता त्याचे उलगडलेले मूल्य १५ गुणिले १० अधिक १५, म्हणजे १६५ येते, तर सेकंदांवर `0x7F` हा मास्क असल्याने तेथे ८५ दिसतात. पडद्यावर १६५ मिनिटे आणि ८५ सेकंद दिसले, की चिप बिघडली आहे असे मानण्यापूर्वी तारा, पत्ता आणि पुल-अप पाहावेत.

वेळ लावणे

लिहिताना उलटे रूपांतर करावे लागते: दशक चार बिट डावीकडे सरकवून त्यात एकक मिळवायचा. ९ मार्च २०२५, रविवार, १४:२५:०० ही वेळ लावायची असेल, तर आज्ञा अशी होते:

```
i2ctransfer -y 1 w8@0x68 0x00 0x00 0x25 0x14 0x07 0x09 0x03 0x25
```

पहिला `0x00` रजिस्टर-दर्शक आहे आणि त्यानंतरचा `0x00` सेकंदांचा. येथे रूपांतर विसरले, तर होणारी चूक वाचनातील चुकीपेक्षा अधिक फसवी असते. २५ हा आकडा जसाच्या तसा पाठवला तर चिपपर्यंत `0x19` पोचतो. चिपच्या दृष्टीने तो निर्दोष बीसीडी आहे आणि त्याचा अर्थ १९ होतो. मिनिटे २५ ऐवजी १९ होतात आणि वर्ष २०२५ ऐवजी २०१९. कोणतीही मर्यादा-तपासणी ही चूक पकडू शकत नाही, कारण २०१९ हेही रीतसर वर्ष आहे. १४ चा मात्र `0x0E` होतो. तो बीसीडीच नसल्यामुळे चिप पुढे काय करील याची शाश्वती राहत नाही. म्हणून वेळ लिहिल्यावर सातही बाइट परत वाचावेत आणि उलगडलेले आकडे मूळ आकड्यांशी जुळवून पाहावेत.

सेकंदांचे रजिस्टर लिहिले की चिपमधील सेकंदाच्या आतली मोजणी शून्यावर येते आणि त्या क्षणापासून नवा सेकंद सुरू होतो. त्यानंतर उरलेली रजिस्टरे एका सेकंदाच्या आत लिहून झाली पाहिजेत. ती वरीलप्रमाणे एकाच व्यवहारात लिहिली, तर याची काळजी करावी लागत नाही. चिपला कालक्षेत्र किंवा उन्हाळी वेळ कळत नसल्यामुळे तिच्यात समन्वित जागतिक वेळ ठेवावी आणि स्थानिक वेळ दाखवण्याच्या क्षणी काढावी.

वेळ लावून आणि परत वाचून झाल्यावरच ओएसएफ खाली आणावा. स्थिती-रजिस्टर वाचून फक्त सातवा बिट ० करावा आणि बाकीचे बिट होते तसेच लिहावेत; आधी `0x88` आले असेल तर आता `0x08` जाईल.

```
i2ctransfer -y 1 w2@0x68 0x0f 0x08
```

हा क्रम उलटा केला आणि मध्येच वीज गेली, तर वेळ खोटी असतानाही खूण मात्र खरेपणाची राहील.

सेलवरची चाचणी

मुख्य वीज दोनतीन तास पूर्ण बंद ठेवावी, मग चालू करून आधी ओएसएफ आणि नंतर वेळ वाचावी. वेळ बरोबर असेल तर प्रश्नच नाही. वेळ चुकलेली आणि ओएसएफ १ असेल, तर मोजणी खरोखरच थांबली होती. अशा वेळी सेलचा दाब, खाचेतील संपर्क आणि सेलवरील न काढलेली प्लॅस्टिकची पट्टी, ही ठिकाणे तपासावीत. ते सर्व ठीक असूनही घड्याळ जेवढा वेळ वीज बंद होती नेमके तेवढेच मागे पडले असेल, तर `0x0E` या नियंत्रण-रजिस्टराचा सातवा बिट पाहावा. तो १ असताना मुख्य विजेवर ऑसिलेटर नीट चालतो, पण सेलवर गेल्याबरोबर बंद पडतो. तो बिट ० करावा.

वेळ चुकलेली पण ओएसएफ ० असेल, तर चिपने मोजणी सोडलेली नाही; वेळ कोणीतरी लिहून बिघडवली आहे. याचे नेहमीचे कारण म्हणजे प्रोग्रॅमच्या आरंभी ठेवलेली, प्रोग्रॅम कंपाइल केल्याची वेळ चिपमध्ये लिहिणारी ओळ. प्रत्येक वेळी बोर्ड सुरू झाला की घड्याळ त्याच एका क्षणावर परत जाते. वेळ लिहिण्याचा भाग ओएसएफ १ असेल तरच चालावा, अशी अट घातली की हा दोष उरत नाही.

उरलेला फरक

वाचन आणि सेल दोन्ही ठीक झाल्यावरही घड्याळ हळूहळू सरकते. ते किती सरकते हे महिनाभराच्या अंतराने, विश्वासू वेळेशी तुलना करून मोजावे. एका दिवसातील फरक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि तो नीट मोजता येत नाही. ३० दिवसांत घड्याळ ३ सेकंद पुढे गेले असे समजू. ३० दिवसांचे २५,९२,००० सेकंद होतात, म्हणजे चूक दशलक्षात सुमारे १.१६ भाग. `0x10` या एजिंग रजिस्टरातील एक पायरी सामान्य तापमानाला दशलक्षात सुमारे ०.१ भागाचा फरक करते आणि धन आकडा घड्याळ मंद करतो. म्हणून येथे १२ पायऱ्या हव्यात आणि लिहायचा बाइट `0x0C` आहे. शेजारच्या सात रजिस्टरांच्या सवयीने येथे `0x12` लिहिला जाण्याचा धोका आहे, कारण एजिंग रजिस्टर बीसीडी नसून चिन्हासह द्विमान आहे. घड्याळ मागे पडत असेल आणि उणे १२ हवे असेल, तर बाइट `0xF4` होतो. बदल तत्काळ लागू होत नाही. चिप दर ६४ सेकंदांनी तापमान मोजते आणि पुढच्या मोजणीनंतर नवी दुरुस्ती चालू होते, तेव्हा पुढच्या महिन्याची मोजणी दोन मिनिटे थांबून सुरू करावी.